काय करता, कुठे येता, कधी येता: कूलरवाल्या भाऊंचं गुगल प्रोफाईल

पत्र: ताई, मी नागपुरात मानेवाड्याला राहतो, घरोघरी जाऊन कूलर रिपेअरिंग करतो. भाच्याने गुगलवर प्रोफाईल बनवून दिलं, फोन भरपूर येऊन राहिले पण अर्धे फुकट जातात. कोणी म्हणते एसी करता का, कोणी कामठीहून बोलते, कोणी रात्री ११ ला फोन लावते, काही जण तर कूलरची घास घ्यायला सरळ घरी येऊन उभे राहतात, बायको वैतागली आहे. मे मध्ये दोन-तीन दिवसांचं वेटिंग असते ते कोणाला माहीत नसते, मग लोक चिडतात. थंडीत गिझर अन् पंखे करतो तेही लिहायचं आहे. स्क्रीनशॉट पाठवले आहेत. पाहणाऱ्याला पटकन समजेल असं कसं लिहू? होळीच्या आधी करायचं आहे. – कूलरवाला, मानेवाडा

उत्तर:

भाऊ, स्क्रीनशॉट सगळे नीट पाहिले. भाच्याने मेहनत घेतली आहे, फोन येतात ते त्याच्यामुळेच, पण माहितीचा जो पॅराग्राफ तुम्ही बदलायला निघाले तो सगळ्यात शेवटी बदलायचा आहे. कारण तो फारसं कोणी वाचतच नाही. तुम्ही स्वतः दुसऱ्याच्या फोनवरून तुमचं नाव टाकून पहा, वर काय दिसते? नाव, स्टार, त्याच्याखाली कामाचा प्रकार, मग उघडं आहे की बंद, कॉलचं बटन, आणि फोटो. तुमची माहिती दिसायला बरंच खाली सरकावं लागते, अन् तीही दोन-तीन ओळी दाखवून कापलेली असते. ज्याचा कूलर ४५ डिग्रीत बंद पडला आहे तो तिथपर्यंत जात नाही, तो वरचं पाहतो आणि बटन दाबतो. म्हणजे काय, कुठे, कधी याची उत्तरं आधी वरच्या रकान्यांत गेली पाहिजेत, आणि तिथेच नेमकं उलटं सांगितलेलं आहे.

एसीचे फोन का येतात ते बघा. कामाचा मुख्य प्रकार म्हणून भाच्याने "Air conditioning repair service" निवडलेलं आहे. त्याला वाटलं असेल कूलर म्हणजे थंड हवा, म्हणजे हेच. पण गुगल त्या प्रकारावरूनच ठरवते की तुम्हाला कोणत्या शोधात दाखवायचं, आणि तुमच्या नावाखाली तेच शब्द छापलेले दिसतात, मग लोक एसीसाठी फोन करतील नाही तर काय. तिथे प्रकार आपल्या मनाने लिहिता येत नाही, गुगलच्या यादीतूनच निवडावा लागतो. आधी cooler टाईप करून यादीत तुमच्या कामाशी जुळणारं काही निघते का ते पहा, नाही निघालं तर "Appliance repair service" ठेवा. एक मुख्य आणि त्याशिवाय नऊपर्यंत जोडप्रकार घेता येतात, पण येतात म्हणून सगळे भरायचे नसतात. तुम्ही पंख्याची वाइंडिंग स्वतः करत असाल तर "Electric motor repair shop" जोडायला हरकत नाही, बाकी सोडा. एसीचा प्रकार काढलाच पाहिजे, "राहू द्या, चार कॉल जास्त येतील" असा विचार करू नका, तेच चार कॉल तुमची दुपार खाऊन राहिले.

दुसरं कारण तर मला स्क्रीनशॉटमध्ये चटकन दिसलं: पहिलाच फोटो नेटवरून घेतलेल्या स्प्लिट एसीचा आहे, टोपी घातलेला परदेशी माणूस स्क्रूड्रायव्हर घेऊन. हा फोटो आजच काढा. त्याच्या जागी तुमच्या हाताने केलेल्या कामाचे चार-पाच फोटो लावा. तीन बाजूंच्या जाळ्या काढून नवी घास भरलेला पत्र्याचा कूलर, क्षार बसून पांढरा पडलेला जुना पंप आणि बाजूला नवीन पंप, हनीकोम्ब पॅड बसवलेला प्लास्टिकचा कूलर, आणि पाटी किंवा पिशवी-पाना घेऊन तुमची गाडी. नागपुरात बोअरचं पाणी वापरणाऱ्या माणसाने तो पांढरा पंप पाहिला की त्याला एक शब्द वाचायची गरज पडत नाही, त्याच्या घरी तेच झालेलं असते. मोबाईलचे फोटो चालतात, फक्त उजेडात काढा अन् गिऱ्हाइकाचा चेहरा, घराचा नंबर त्यात येऊ देऊ नका.

आता नाव. तुमच्या बिलबुकावर जे नाव आहे त्याच्यामागे भाच्याने कूलर रिपेअर, एसी रिपेअर, फ्रिज रिपेअर, बेस्ट इन नागपूर असं सगळं जोडलं आहे. बरेच जण करतात हे, आणि खोटं कशाला बोलू, कधी कधी त्याने वर दिसायला मदतही होते. पण गुगलचा नियम सरळ आहे, जे नाव तुमच्या पाटीवर, बिलावर आहे आणि लोक ज्या नावाने ओळखतात तेच टाकायचं. समोरच्या दुसऱ्या कूलरवाल्याने नुसतं "Suggest an edit" करून तक्रार टाकली तरी नाव बदललं जाऊ शकते, किंवा प्रोफाईलच सस्पेंड होऊ शकते, आणि ते एप्रिलमध्ये झालं तर तुमचा सिझन गेला. बिलबुकावर "अमुक कूलर सर्व्हिस" असेल तर तेवढंच लिहा. त्यात कूलर शब्द आहेच, काम झालं.

कुठे याचं उत्तर दोन जागी बिघडलं आहे. एक, तुमचा घरचा पत्ता नकाशावर उघडा आहे, आणि पत्ता दिसतो म्हणजे दुकान असेल असंच माणूस समजणार, म्हणून लोक घास घ्यायला दारात येतात. तुम्ही घरी गिऱ्हाईक घेत नाही, तुम्ही त्यांच्याकडे जाता, तर अशा धंद्याने पत्ता लपवायचा असाच गुगलचा नियम आहे. प्रोफाईलमध्ये "Edit profile" मध्ये लोकेशनचा भाग आहे, तिथे ग्राहकांना पत्ता दाखवायचं बटन बंद करा. पत्ता गुगलकडे राहतो, फक्त लोकांना दिसत नाही. दिशा दाखवणारं बटनही त्याबरोबर जाते, जाऊ द्या, तुम्हाला ते नकोच आहे.

दोन, "Service area" मध्ये नुसतं नागपूर टाकलेलं आहे. मग कामठी, कोराडी, वाडीवाल्याला वाटते की आपल्याकडेही येतात. तिथे शहर, वस्ती, पिनकोड असं निवडून २० पर्यंत जागा टाकता येतात, इतके किलोमीटर असा गोल काढता येत नाही. नागपूर काढून टाका आणि तुम्ही खरंच ज्या वस्त्यांत जाता त्या एकेक करून टाका: मानेवाडा, बेसा, हुडकेश्वर, म्हाळगी नगर, अयोध्या नगर, उदय नगर, सक्करदरा, नंदनवन, नरेंद्र नगर, मनीष नगर. यातली एखादी यादीत सापडली नाही तर तिथला पिनकोड टाका, पण पिनकोडचा एरिया कधी कधी फार मोठा निघतो तेव्हा नकाशावर लाल रेघ कुठपर्यंत गेली ते पाहून घ्या.

इथे एक गैरसमज काढून टाकते, कारण तुमच्या लाईनमध्ये तो फार आहे. जास्त एरिया टाकले म्हणजे तिकडच्या लोकांना आपण वर दिसू असं होत नाही. गुगल स्वतः सांगते की जवळपासच्या शोधात तीन गोष्टी पाहिल्या जातात, शोधलेल्या गोष्टीशी तुमचं काम किती जुळते, तुम्ही किती अंतरावर आहात आणि तुमचं नाव किती जाणतं आहे. अंतर धरताना तुमची खरी जागा धरली जाते. म्हणजे यादीत कोराडी टाकून कोराडीत वर येणार नाही, उलट कधीमधी चुकून दिसाल आणि एक फुकटचा फोन येईल. एरियाची यादी लोकांना सांगण्यासाठी आहे, म्हणून ती खरी ठेवा. एखाद्या मोठ्या ऑर्डरसाठी तुम्ही हिंगण्यालाही जात असाल तर जा ना, ते प्रोफाईलमध्ये लिहायची गरज नाही.

कधी याच्यात मला सगळ्यात जास्त वेळ घालवायचा आहे, कारण त्यात दोन वेगवेगळे प्रश्न अडकलेले आहेत. एक म्हणजे तुमच्याशी कधी बोलता येईल, आणि दुसरा तुम्ही घरी कधी याल. पहिल्याचं उत्तर वेळेच्या रकान्यात जाते, दुसऱ्याला कोणताच रकाना नाही म्हणून ते शब्दांत लिहावं लागते. तुमच्याकडे रकान्यात २४ तास आहे, म्हणून रात्री ११ चा फोन येतो, त्या माणसाची काही चूक नाही, त्याला "Open 24 hours" दिसलं आणि त्याने लावला. भाच्याने ते का टाकलं असेल तेही मला माहीत आहे, बंद दिसलं की शोधात मागे पडतो असं सगळीकडे ऐकायला मिळते. त्यात तथ्य आहे, २०२३ च्या शेवटी गुगलनेच सांगितलं की उघडं असणं हा मुद्दा काही शोधांत आता जास्त धरला जातो, पण त्याच वेळी हेही सांगितलं की यासाठी खोट्या वेळा टाकू नका. आणि तुमच्या धंद्याला तसाही काय फायदा? रात्री ११ ला कूलर बंद पडला तर तुम्ही जाणार नाही, मग तो कॉल वर दिसून आला काय अन् नाही आला काय. उलट फोन उचलला नाही म्हणून एक स्टार देऊन जाईल.

तर ज्या वेळात फोन उचलता त्या वेळा टाका. मी उदाहरणाला सोमवार ते शनिवार सकाळी ९ ते संध्याकाळी ७ धरते, तुमचं काय ते तुम्ही ठरवा. दुपारी १ ते ४ फोन बंद ठेवून आराम करत असाल, मे मध्ये छतावर चढून काम केल्यावर ते लागतेच, तर एका दिवसाच्या दोन वेळा टाकायची सोय तिथे आहे, ९ ते १ आणि ४ ते ७ असं. सिझनमध्ये रविवारी सकाळी काम करत असाल तर मार्चमध्ये रविवार जोडा आणि पाऊस लागला की काढा. धुळवड, पोळ्याच्या पाडव्याला मारबतीचा दिवस, दिवाळीचे दिवस, अशा सुट्ट्यांना "Special hours" मध्ये तारीख टाकून बंद दाखवता येते, रोजच्या वेळेला हात लावावा लागत नाही.

आता घरी कधी येणार. हे महिन्यागणिक बदलते, फेब्रुवारीत तुम्ही त्याच दिवशी जाल आणि नवतपा लागला की तीन दिवस. म्हणून माहितीच्या पॅराग्राफमध्ये एकच टिकणारं वाक्य ठेवा, आणि त्या आठवड्याची खरी स्थिती प्रोफाईलवर अपडेट म्हणून टाका, पोस्ट टाकतो तसं. उदाहरणार्थ, "या आठवड्यात बुकिंग भरपूर आहे. आज नोंदवलं तर परवा येतो. पाणी चढत नसेल तर आधी पंपाच्या जाळीतला कचरा काढून पहा." इतकंच. शेवटचं वाक्य मी मुद्दाम टाकलं, कारण नुसता कचरा अडकल्याचे कॉल तुम्हाला मे मध्ये परवडत नाहीत आणि त्या माणसाचंही काम फुकटात होते, तो पुढच्या वर्षी तुम्हालाच घास बदलायला बोलावेल. पोस्ट जुनी झाली की काढून टाका, मे मधली "परवा येतो" जुलैमध्ये दिसली तर ती खोटी ठरते.

हे सगळं झाल्यावर पॅराग्राफ. भाच्याचा असा आहे:

> "आपले सहर्ष स्वागत. आमच्याकडे अनुभवी टीमकडून सर्व प्रकारची उत्तम सर्व्हिस योग्य दरात मिळेल. ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय. संपूर्ण नागपुरात २४ तास सेवा. एकदा अवश्य संधी द्या."

यात कूलर हा शब्दच नाही, पाहिलं का? हाच मजकूर ब्युटी पार्लरला लावा, फोटोग्राफरला लावा, तरी बसतो. शिवाय टीम म्हणजे तुम्ही आणि सिझनला एक पोरगा, तर तेही लिहू नका. मी असा लिहिला:

> "घरी येऊन कूलर दुरुस्ती. घास किंवा हनीकोम्ब पॅड बदलणे, पंप, मोटर, फ्लोट, वायरिंग, टाकीचं लीकेज. पत्र्याचे आणि प्लास्टिकचे दोन्ही कूलर. मानेवाडा, बेसा, हुडकेश्वर, म्हाळगी नगर, अयोध्या नगर, सक्करदरा, नंदनवन, नरेंद्र नगर, मनीष नगर या भागांत येतो. सकाळी नोंदवलं तर बहुतेक त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी येतो, एप्रिल-मे मध्ये दोन-तीन दिवस लागतात. व्हॉट्सॲपवर कूलरचा फोटो, काय बिघडलं ते आणि वस्तीचं नाव पाठवा, येण्याचा दिवस कळवतो. नोव्हेंबर ते जानेवारी गिझर आणि पंख्याची दुरुस्ती. एसी, फ्रिजचं काम करत नाही. घरी दुकान नाही, सामान सोबत घेऊन येतो."

पहिलं वाक्य चार शब्दांचं आहे आणि त्यात काम आणि घरी येणं दोन्ही आलं, कापलेल्या दोन ओळींत निदान तेवढं तरी दिसेल. त्यानंतर लगेच बिघाडांची नावं, कारण लोकांना कूलर दुरुस्ती नको असते, त्यांना पंप बदलून हवा असतो किंवा घास, ते स्वतःचा शब्द शोधतात. वेळ मी इथे मुद्दाम लिहिली नाही, ती रकान्यात आहे, दोन जागी लिहिली की एक बदलते आणि दुसरी राहून जाते. "करत नाही" हे वाक्य ठेवायचंच, त्याने कोणी नाराज होत नाही, फोन वाचतो. मोबाईल नंबर आणि लिंक या पॅराग्राफमध्ये टाकू नका, लिंक गुगल चालू देत नाही, नंबराचा रकाना वेगळा आहे आणि व्हॉट्सॲपचा नंबरही चॅटच्या रकान्यात जोडता येतो. रेट आणि ऑफरही इथे नको, ते सर्व्हिसेसच्या यादीत टाका, तिथे "घास बदलणे, तीन बाजू" असं नाव आणि समोर किंमत लिहिता येते. घासाचे भाव दरवर्षी हलतात म्हणून "इतक्यापासून पुढे" असं ठेवा.

लांबीची मर्यादा ७५० अक्षरं आहे, मराठीत काना-मात्रा-वेलांटीही मोजणीत जातात त्यामुळे वाटते त्यापेक्षा लवकर भरते, वरचा मजकूर बसतो. आणि भाषेचं विचाराल तर मराठीच ठेवा. तुमच्याकडे हिंदी बोलणारे गिऱ्हाईक खूप असतील, पण कूलर, पंप, मोटर, वायरिंग, गिझर हे शब्द आणि वस्त्यांची नावं त्यांनाही तशीच वाचता येतात, लिपी एकच आहे.

बदलाचा क्रम मात्र सांभाळा. वेळ, एरिया, फोटो, पॅराग्राफ आणि सर्व्हिसेस आज रात्रीच करून टाका, ते बहुतेक लवकर दिसायला लागते. नाव, पत्ता आणि मुख्य प्रकार बदलला की गुगल कधी कधी पुन्हा व्हेरिफिकेशन मागते, आणि ते झाल्याशिवाय बदल दिसत नाही किंवा प्रोफाईलच काही दिवस अडकून बसते. म्हणून हे तिन्ही आत्ता, होळीच्या आधी करायचे, मे मध्ये चुकूनही नाही. व्हिडिओ मागितला तर घाबरू नका. न कापलेला, सलग, निदान अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ लागतो, त्यात गल्लीतली रस्त्याची पाटी किंवा ओळखीची खूण, मग तुमची गाडी, पाने, पंपांचा डबा, घासाचं बंडल, आणि नाव असलेलं बिलबुक दाखवा. चेहरा दाखवायची गरज नसते. बिलबुकावरचं आणि प्रोफाईलवरचं नाव एकच पाहिजे, नाहीतर तिथेच अडकते, म्हणून नाव आधी ठरवा मग व्हिडिओ.

झालं की तुम्हाला न ओळखणाऱ्या एखाद्याच्या हातात फोन द्या, शेजारच्या कॉलेजच्या पोरीला द्या, आणि दहा सेकंद पाहू देऊन फोन काढून घ्या. मग विचारा, हा माणूस काय दुरुस्त करतो, नंदनवनला येईल का, आत्ता फोन लावला तर उचलेल का. जिथे अडखळेल तो रकाना पुन्हा पहा. आणि सिझनभर एक वही गाडीत ठेवा, काम न झालेल्या प्रत्येक कॉलपुढे एकच शब्द लिहा, काय, कुठे किंवा कधी. "कुठे" वाले वाढले तर एरियाची यादी तपासा. "काय" वाले वाढले तर प्रकार आणि फोटो पहा, कारण गिऱ्हाइकांनाही तुमच्या प्रोफाईलवर फोटो टाकता येतात, आणि लोकांच्या सूचनेवरून गुगल तुमच्या वेळाही परस्पर बदलू शकते. महिन्यातून एकदा लॉगिन करून गुगलने काही बदललं का ते पाहत जा. "कधी" वाले मे मध्ये वाढले तर त्या आठवड्याची अपडेट टाकायची राहिली असं समजा.

जूनमध्ये पाऊस स्थिरावला की रविवारची वेळ काढायची, आणि ऑक्टोबरच्या शेवटी गिझरचं वाक्य उचलून पॅराग्राफच्या पहिल्या जागी आणायचं, कूलरचं मागे. फेब्रुवारीत परत उलटं. फोटोंतही तेव्हा एखादा स्केल जमलेल्या गिझर एलिमेंटचा फोटो पुढे घ्या.